दोन रेषांच्या पोटात काय असते

परीक्षा जवळ आली की बारावी कॉमर्सच्या मुलांच्या फोनवर एका ठरावीक जातीच्या गणिताचे फोटो फिरू लागतात. पान शिवणीपाशी वाकलेले, एका कोपऱ्यावर फोन धरलेल्या हाताची सावली आणि मधोमध दोन समीकरणे: ८x − १०y + ६६ = ० आणि ४०x − १८y = २१४. सोबत एकच माहिती असते, की x चे प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, ९ आहे. यावरून x आणि y यांच्या सरासऱ्या, त्यांचा सहसंबंध गुणांक आणि y चे प्रमाण विचलन काढायचे असते. मूळ आकडेवारीचा पत्ता नाही. किती निरीक्षणे होती, कशाची होती, तेही कुठे लिहिलेले नाही.

हे गणित जुने आहे. गुप्ता आणि कपूर यांच्या संख्याशास्त्राच्या जाडजूड पाठ्यपुस्तकासह अनेक भारतीय पुस्तकांत ते याच आकड्यांनिशी भेटते आणि त्याला एक छोटीशी कथाही जोडलेली असते. प्रयोगशाळेतली नोंद अर्धवट नष्ट झाली आहे आणि वाचता येण्याजोगे एवढेच उरले आहे. बहुतेक विद्यार्थी ती कथा वगळून थेट समीकरणांकडे जातात. पण प्रश्नाचा खरा गाभा त्या कथेतच आहे. शेकडो आकड्यांचा डोंगर नाहीसा होऊन फक्त दोन रिग्रेशन रेषा उरल्या, तर त्यांच्यातून मागे जाऊन काय काय परत मिळवता येते आणि काय कायमचे गेलेले असते? आता नोंद नष्ट होण्याऐवजी फोटो पुसट येतो, एवढाच फरक.

सरासऱ्या सर्वांत सहज मिळतात. दोन्ही रेषा एकाच बिंदूतून जातात आणि तो बिंदू म्हणजे (x ची सरासरी, y ची सरासरी). त्यामुळे समीकरणे एकसामयिक म्हणून सोडवली की काम झाले. पहिल्याला ५ ने गुणले तर ४०x − ५०y = −३३०. ते दुसऱ्यातून वजा केले की ३२y = ५४४, म्हणून y = १७. ही किंमत पहिल्यात ठेवली की ८x = १०४, म्हणजे x = १३.

रेषा त्या बिंदूतून का जातात, याचे उत्तर रेषा कशी बसवली जाते यात आहे. x वरून y चा अंदाज करणारी रेषा बसवताना प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे उभे अंतर घेतात, त्याचा वर्ग करतात आणि सगळ्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील अशी रेषा निवडतात. या अटीतून आपोआप निघणारी पहिली गोष्ट अशी, की वरच्या बाजूची आणि खालच्या बाजूची अंतरे एकमेकांना बरोबर काटतात, त्यांची बेरीज शून्य होते. बेरीज शून्य म्हणजे सरासरीही शून्य, म्हणजे सरासरी x ला रेषा जो अंदाज देते तो y ची सरासरीच असतो. y वरून x चा अंदाज करणाऱ्या रेषेत हेच आडव्या अंतरांच्या बाबतीत घडते. दोन्ही रेषा वेगवेगळ्या कारणांनी एकाच ठिकाणी येऊन पोचतात. म्हणूनच सरासऱ्या काढताना कोणती रेषा कोणाची, हे ठरवण्याची गरज पडत नाही.

सहसंबंध गुणांकासाठी मात्र ते ठरवावेच लागते आणि इथे मुले अडखळतात. दिलेल्या समीकरणांवर 'ही y ची x वरची' असा शिक्का नसतो. सरळ रेषेच्या समीकरणाकडे नुसते बघून तो ओळखता येत नाही, कारण ८x − १०y + ६६ = ० हे y = ०.८x + ६.६ असेही लिहिता येते आणि x = १.२५y − ८.२५ असेही. शिकवणीत सांगतात ती पद्धत अशी: एक नेमणूक गृहीत धरा, दोन्ही रिग्रेशन गुणांक काढा, त्यांचा गुणाकार १ पेक्षा मोठा आला तर नेमणूक उलटी करा. पहिली रेषा y ची x वरची मानली तर byx = ८/१० = ०.८. दुसरी x ची y वरची, म्हणून bxy = १८/४० = ०.४५. गुणाकार ०.३६ येतो. r² = byx × bxy असल्यामुळे r = ०.६. दोन्ही गुणांक धन आहेत, म्हणून r धन.

उलट नेमणूक केली असती तर? पहिल्या रेषेतून bxy = १०/८ आणि दुसरीतून byx = ४०/१८, गुणाकार सुमारे २.७८. हा आकडा १ पेक्षा मोठा म्हणून बाद होतो हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तो कुठून आला हे क्वचितच कुणी पाहते. २.७८ म्हणजे १ भागिले ०.३६. चुकीच्या नेमणुकीचा गुणाकार नेहमी बरोबर नेमणुकीच्या गुणाकाराचा व्यस्त असतो, कारण दोन्ही अपूर्णांक जागच्या जागी उलटलेले असतात. त्यामुळे एक गुणाकार १ च्या आत असेल तर दुसरा बाहेरच असणार. दोन्ही नेमणुका चालून जाण्याची किंवा दोन्ही बाद होण्याची सोयच नाही. शिकवणीतला नियम अंदाजपंचे वाटला तरी तो कधी फसत नाही, त्याचे कारण हे.

इतके कळले की आणखी आखूड वाट दिसते. दोन्ही समीकरणे y = mx + c या रूपात लिहून फक्त चढ पाहावेत. इथे ते ०.८ आणि २.२२ आहेत. चिन्ह बाजूला ठेवून ज्या रेषेचा चढ कमी, ती y ची x वरची. ज्या रेषेचा चढ जास्त, ती x ची y वरची. आणि लहान चढाला मोठ्या चढाने भागले की थेट r² मिळतो: ०.८ ÷ २.२२ = ०.३६. गृहीत धरा, तपासा, उलटा, हा सगळा खटाटोप वाचतो. पाठ्यपुस्तकांनी हा मार्ग पुढे का आणला नाही, याचे नवल वाटते. कदाचित पायऱ्यांना गुण असतात म्हणून.

ऋण सहसंबंधाच्या गणितात दोन खाचखळगे असतात. ३x + २y = २६ आणि ६x + y = ३१ हीही अभ्यासवर्गांतली ओळखीची जोडी. सोडवल्यावर सरासऱ्या ४ आणि ७ येतात. चढ −१.५ आणि −६ आहेत. लहान चढ पहिल्या रेषेचा, म्हणून byx = −१.५ आणि दुसऱ्या रेषेवरून bxy = −१/६. इथे बरेच विद्यार्थी −१.५ पाहून दचकतात आणि नेमणूक उलटवतात, कारण 'गुणांक १ च्या पुढे जाऊ शकत नाही' असे त्यांनी अर्धवट पाठ केलेले असते. १ च्या आत राहायचे बंधन r वर आणि दोन्ही गुणांकांच्या गुणाकारावर आहे. एकटा रिग्रेशन गुणांक कितीही मोठा असू शकतो, कारण तो x आणि y कोणत्या एककांत मोजले यावरही अवलंबून असतो. y म्हणजे उंची असेल आणि ती मीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये लिहिली, तर byx शंभरपट होतो, सहसंबंध मात्र तसाच राहतो. दुसरा खळगा वर्गमुळाचा. गुणाकार १/४ आला की हात सवयीने ०.५ लिहून मोकळा होतो. दोन्ही गुणांक ऋण असल्यामुळे उत्तर −०.५ आहे. गणकयंत्र हे चिन्ह कधीच सांगणार नाही, ते चढावरूनच घ्यावे लागते.

मग मूळ प्रश्नात x चे प्रचरण ९ असे वेगळे का सांगावे लागले? दोन चलांच्या अशा विश्लेषणाचा सारांश पाच संख्यांत मावतो: दोन सरासऱ्या, दोन प्रमाण विचलने आणि एक सहसंबंध गुणांक. रेषा दोन आणि प्रत्येकीचे आकडे दोन, चढ आणि छेद. म्हणजे हातात चारच संख्या. चारांतून पाच निघत नाहीत. समीकरणातल्या तीन आकड्यांना भुलू नये, कारण सगळे समीकरण कशानेही गुणले तरी रेषा तीच राहते. चारांपैकी दोन सरासऱ्यांत गेल्या, एक r मध्ये. चौथीतून दोन प्रमाण विचलनांचे फक्त गुणोत्तर हाती लागते: byx ला bxy ने भागले की σy² / σx² मिळतो. इथे ०.८ ÷ ०.४५ = १.७८, म्हणजे १६/९. y चा विस्तार x च्या ४/३ पट आहे इतके रेषा सांगतात, पण तो ३ ला ४ आहे की ३० ला ४०, हे त्यांना माहीत नसते. प्रचरण ९ दिले की σx = ३ आणि म्हणून σy = ४. ती एक ओळ फोटोच्या काठाबाहेर गेली, तर सरासऱ्या आणि r येतील, पण σy कोणत्याही युक्तीने येणार नाही.

ही दोन रेषांची भानगड मुळात सुरू झाली ती व्हिक्टोरियाच्या काळातल्या लंडनमध्ये, माणसांच्या उंचीवरून. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ मध्ये कुटुंबांच्या नोंदी पाठवणाऱ्यांसाठी बक्षिसे जाहीर केली आणि आलेल्या माहितीतून २०५ आईबापांच्या जोड्या व त्यांची ९२८ मोठी झालेली मुले यांच्या उंचीचा तक्ता मांडला. स्त्रियांच्या उंचीला त्यांनी १.०८ ने गुणले, म्हणजे ती पुरुषांच्या मापावर येते, आणि आई व वडील यांची सरासरी घेऊन एक 'मध्यपालक' कल्पिला. दोन्ही पिढ्यांची मध्यवर्ती उंची त्यांनी ६८.२५ इंच धरली. १८८६ च्या निबंधात त्यांनी मांडलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे: मध्यपालक सर्वसाधारण उंचीपेक्षा जितका वर असतो त्याच्या दोन तृतीयांश इतकीच मुले सरासरीने वर असतात. तीन इंच उंच आईबापांची मुले सरासरीने दोन इंच उंच.

या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. गाल्टन यांनी तक्ता उलट दिशेनेही वाचला. उंच मुले घेतली आणि त्यांचे आईबाप किती उंच होते हे पाहिले, तेव्हा दोन तृतीयांशाचा व्यस्त, म्हणजे दीड, आला नाही. आला एक तृतीयांश. तीन इंच उंच मुलांचे मध्यपालक सरासरीने एकच इंच उंच निघाले. पहिली रेषा उलटी वापरून कुणी हिशेब केला असता तर त्याला साडेचार इंच मिळाले असते. y ची x वरची रेषा घेऊन y वरून x काढणे ही चूक आजही उत्तरपत्रिकांत सर्रास दिसते, आणि तिने किती घोळ होतो ते या एकाच उदाहरणात दिसते.

गाल्टन यांच्या दोन रेषा परीक्षेतल्या गणिताच्या वेषात लिहिल्या तर त्या अशा दिसतील: ८x − १२y + २७३ = ० आणि ६x − २y − २७३ = ०. इथे x म्हणजे मध्यपालकाची उंची आणि y म्हणजे मुलाची. दुसऱ्या समीकरणाला ६ ने गुणून त्यातून पहिले वजा केले की २८x = १९११, म्हणून x = ६८.२५ आणि y देखील ६८.२५. चढ २/३ आणि ३. लहानाला मोठ्याने भागले तर r² = २/९, म्हणजे r सुमारे ०.४७. सहसंबंध गुणांक ही कल्पना त्या निबंधात अजून जन्मलीच नव्हती, ती गाल्टन यांनी १८८८ मध्ये मांडली. पण तिचा आकडा या दोन रेषांच्या पोटात आधीच होता.

चौथी संख्या इथे फार सुंदर काम करते. byx ÷ bxy = २/३ ÷ १/३ = २. म्हणजे मुलांच्या उंचीचे प्रचरण मध्यपालकांच्या उंचीच्या प्रचरणाच्या दुप्पट. हा २ योगायोगाने आलेला नाही. मध्यपालक ही दोन माणसांची सरासरी आहे. उंच पुरुष मुद्दाम उंच बायकाच निवडत नसतील, तर दोन स्वतंत्र मापांच्या सरासरीचे प्रचरण एका मापाच्या निम्मे असते. लग्ने उंची पाहून ठरत नाहीत असेच गाल्टन यांना त्यांच्या नोंदींत दिसले होते. तक्ता हरवला असता आणि नुसत्या दोन रेषा उरल्या असत्या, तरी x हे दोघांची सरासरी घेऊन केलेले माप असावे असा तर्क कुणा चाणाक्ष वाचकाला करता आला असता.

दोन रेषा वेगळ्या का, याचे भौमितिक उत्तरही गाल्टन यांनाच सापडले. तक्त्यातल्या सारख्या वारंवारतेच्या जागा जोडल्या की एकात एक बसणाऱ्या लंबवर्तुळांच्या कडा तयार होतात, हे त्यांच्या लक्षात आले. हे गणिताने सिद्ध करून देण्याचे काम त्यांनी केंब्रिजच्या जे. डी. हॅमिल्टन डिक्सन यांच्याकडे सोपवले. लंबवर्तुळाला जिथे उभ्या स्पर्शिका टेकतात ते बिंदू जोडले की y ची x वरची रेषा मिळते. आडव्या स्पर्शिकांचे स्पर्शबिंदू जोडले की x ची y वरची. लंबवर्तुळाचा मुख्य अक्ष या दोन्हींच्या मधून जातो आणि तो यांपैकी एकही रेषा नसतो. विखुरलेल्या बिंदूंच्या ढगातून नजरेने रेषा ओढायला सांगितली तर माणूस बहुधा त्या अक्षाच्या जवळपासचीच ओढतो. 'रेषा तर एकच हवी' असे विद्यार्थ्यांना वाटते त्याचे मूळ इथे असावे. आज रिग्रेशन म्हटले की लघुतम वर्गांची पद्धत लगेच आठवते, पण गाल्टन यांनी ती वापरलेली नव्हती. तो दुवा उड्नी यूल यांनी १८९७ च्या निबंधात जोडला.

ढग जितका सडपातळ तितक्या दोन रेषा एकमेकींकडे सरकतात. r = १ किंवा −१ झाला की त्या एकच होतात. मग छेदनबिंदूच उरत नाही आणि सरासऱ्या परत मिळत नाहीत. r = ० असेल तर एक रेषा आडवी, दुसरी उभी. त्यांची समीकरणे y = १७ आणि x = १३ अशी उघडीच असतात आणि सोडवायला काही राहत नाही. समांतर पण वेगळ्या अशा दोन रेषा मात्र कोणत्याही आकडेवारीतून येऊ शकत नाहीत.

आता पुन्हा फोटोकडे. पुसट चित्रावरून समीकरण उतरवताना एखादे चिन्ह किंवा अंक चुकला, तर उत्तर कुठे बिघडते, हे वरच्या हिशेबावरून आधीच सांगता येते. समजा ८x − १०y मधले वजाचे चिन्ह शिवणीच्या सावलीत गेले आणि ते ८x + १०y असे वाचले. पहिल्या रेषेचा चढ −०.८ झाला, दुसरीचा २.२२ च राहिला. चढांची चिन्हे विरुद्ध आहेत आणि r² ऋण येऊ पाहतो. अशी जोडी अस्तित्वातच असू शकत नाही, त्यामुळे ही चूक ताबडतोब पकडली जाते.

स्थिरांक चुकला तर प्रकार जास्त कावेबाज असतो. दुसरे समीकरण ४०x − १८y = २१४ ऐवजी ४०x − १८y + २१४ = ० असे उतरवले, आणि असे घाईत फार वेळा होते, कारण पहिले समीकरण = ० च्या रूपात आहे आणि दुसरे नाही. चढ तेच राहिले, म्हणून r = ०.६ अगदी बरोबर येतो, σy = ४ सुद्धा बरोबर येतो. फक्त x ची सरासरी −३.७२ आणि y ची ३.६२५ होते. r बरोबर आल्यामुळे विद्यार्थ्याला शंका येत नाही. x म्हणजे गुण, वय किंवा किंमत असे काही दिले असते तर ऋण सरासरीने जाग आली असती, पण प्रश्नात नुसते x आणि y असल्यामुळे तोही इशारा मिळत नाही.

सर्वांत वाईट चूक म्हणजे सहगुणकाचा अंक चुकणे. इंग्रजी छापील आठचा डावा भाग उडाला की तो तीन दिसतो. १८ च्या जागी १३ वाचले तर bxy = १३/४० = ०.३२५, गुणाकार ०.२६, r सुमारे ०.५१, x ची सरासरी सुमारे १०.१३. एकही नियम मोडलेला नाही. चिन्हे जुळतात, गुणाकार १ च्या आत आहे, सरासऱ्या धन आहेत. गुणाकाराची कसोटी रेषांची नेमणूक तपासते, आकडे बरोबर वाचले की नाही हे ती तपासत नाही. इथे एकच खूण मदतीला येते आणि ती गणिताची नसून प्रश्न रचणाऱ्याच्या सवयीची आहे. परीक्षेच्या गणितांत सरासऱ्या बहुधा पूर्ण येतात आणि r² चे वर्गमूळ स्वच्छ निघते. २९९.८ ÷ २९.६ असा भागाकार समोर आला की अनुभवी शिक्षक आधी फोटो मोठा करून बघतो. खऱ्या आकडेवारीत मात्र या खुणेवर भिस्त ठेवता येत नाही. गाल्टन यांचा ०.४७ सुद्धा ०.४७१४ असाच पसरत जातो.

खऱ्या कामात आणखी एक अडचण येते, जी पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. तिथे रेषांचे आकडे दशांश चिन्हानंतर एक-दोन घरांपर्यंत छाटून छापलेले असतात. सहसंबंध मध्यम असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. y = ०.५x + २५ आणि x = ०.५y + २५ या रेषा (५०, ५०) ला छेदतात. पहिल्या रेषेचा छेद २५ ऐवजी २५.१ धरला तर x ची सरासरी ५०.०७ येते. आता सहसंबंध घट्ट असलेली जोडी घ्या: y = ०.९८x + १ आणि x = ०.९८y + १. यांचाही छेदनबिंदू (५०, ५०) च आहे. इथे पहिल्या रेषेतला १ चा १.१ झाला की x ची सरासरी ५२.४७ वर जाते. चूक तेवढीच, दशांशाची, पण परिणाम सदतीसपटीच्या आसपास. कारण या दोन रेषा जवळजवळ एकमेकींवर पडलेल्या आहेत आणि एक जरा हलली की छेदनबिंदू त्यांच्या लांबीवरून दूर घसरतो. चल एकमेकांशी जितके घट्ट बांधलेले, तितक्या त्यांच्या सरासऱ्या अशा मार्गाने परत मिळवणे धोक्याचे. चढांचे गुणोत्तर, आणि म्हणून r, त्या धक्क्याने तसूभरही हलत नाही, कारण धक्का फक्त छेदाला बसला आहे.

समीकरणे अचूक वाचली, आकडेही छाटलेले नाहीत, असे धरले तरी रेषांच्या पोटातून काय निघत नाही, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा फ्रॅन्सिस अॅन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दिला. त्याने प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच बनवले. चारही संचांत x ची सरासरी ९, y ची ७.५, r सुमारे ०.८१६ आणि y ची x वरची रेषा y = ३ + ०.५x. चर्चा बहुधा या एकाच रेषेची होते. पण सरासऱ्या, r आणि प्रमाण विचलने जुळल्यावर दुसरी रेषाही जुळणारच: x = १.३३y − १. परीक्षेच्या थाटात लिहायचे तर x − २y + ६ = ० आणि ३x − ४y + ३ = ०. चढ ०.५ आणि ०.७५, म्हणून r² = २/३.

हा प्रश्न सोडवणाऱ्याला चारही संचांसाठी तेच उत्तर मिळते आणि ते बरोबरही असते. पहिल्या संचात बिंदू रेषेभोवती नेहमीसारखे विखुरलेले आहेत. दुसऱ्यात ते एका वक्रावर ओळीने बसले आहेत आणि सरळ रेषेचा तिथे काही संबंध नाही. तिसऱ्यात दहा बिंदू एका वेगळ्याच सरळ रेषेवर तंतोतंत आहेत, अकरावा तेवढा वर उडालेला आहे आणि त्यानेच दोन्ही रिग्रेशन रेषा फिरवल्या आहेत. चौथ्या संचात दहा बिंदूंचा x अगदी ८ आहे, फक्त एकाचा १९. त्या एका बिंदूवर बोट ठेवून तो झाकला तर x चे प्रमाण विचलन शून्य होते, y ची x वरची रेषा उरत नाही आणि r काढायला भाजक म्हणून शून्य हाती येतो.